तांब्याची स्पेसिफिक हीट थंडीत T³ नेच का घसरते? घनच का, आणि माझा डेबाय θ चुकतो कुठे?

मृगजळ_२

डेबायचं इंटिग्रल मला सोडवता येतं, १२π⁴/५ हा गुणकही काढता येतो. तरी दोन गोष्टी पटत नाहीत.

एक, खऱ्या तांब्यातल्या कंपनांची घनता डेबायच्या परवलयासारखी मुळीच नसते. न्यूट्रॉन विकिरणातून मिळणारा आलेख शिखरं-दऱ्यांनी भरलेला असतो. मग इतक्या ढोबळ मॉडेलमधून येणारा T³ नियम प्रयोगात इतका चोख कसा उतरतो?

दुसरी गोष्ट व्यवहारातली. प्रयोगशाळेत २ ते २० केल्विनमध्ये तांब्याची मोजमापं घेतली आहेत. C/T विरुद्ध T² आलेखात सरळ रेघ बसवली की θ ३२५ केल्विन येतो आणि छेद, म्हणजे γ, ०.२ मिलीज्यूल प्रति मोल प्रति केल्विन वर्ग. मान्य आकडे ३४४ आणि ०.६९५ आहेत. तापमापक दोनदा तपासला, तो ठीक आहे. चूक मोजण्यात आहे की रेघ बसवण्यात?

टिंबटिंब

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. T तापमानाला kT पेक्षा जास्त ऊर्जा लागणारे मोड गोठलेले असतात, कमी लागणारे जिवंत असतात आणि प्रत्येकी k इतकी उष्णताधारकता देतात. जिवंत मोड k-अवकाशातल्या एका गोलात बसतात आणि त्या गोलाची त्रिज्या T च्या प्रमाणात असते. घनफळ T³. एकूण मोड 3N, त्यातला (T/θ)³ इतका वाटा जिवंत. म्हणून C = 3R (T/θ)³. इंटिग्रलची गरजच नाही.

कातळशिल्प

टिंबटिंब, घात बरोबर आला, पण तुमच्या सूत्रात आकडे घालून बघा. तांबं, ४ केल्विन, θ = ३४४. (४/३४४)³ म्हणजे १.५७ × १०⁻⁶. त्याला 3R, म्हणजे २४.९, ने गुणलं तर ०.०३९ मिलीज्यूल प्रति मोल केल्विन येतात. जाळीचा खरा वाटा ३.०६ मिलीज्यूल आहे. तुमचं उत्तर ७८ पट कमी पडतं.

हा ७८ (नेमका 4π⁴/5) कुठून येतो ते समजलं की मृगजळ यांच्या दोन्ही प्रश्नांची वाट मोकळी होते, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवतो.

kT च्या वरचे मोड एकदम गोठत नाहीत. ħω/kT ला x म्हणा. एका मोडची उष्णताधारकता x = १ ला ०.९२ k असते. x = ३.८ ला ती अजून ०.३४ k, म्हणजे पूर्ण वाट्याच्या सुमारे एक तृतीयांश असते. x = १० ला मात्र ०.००५ k च्याही खाली जाते. म्हणजे वैयक्तिक वाटा हळूहळू ओसरतो, आणि त्याच वेळी मोडांची संख्या x² ने वाढत असते. x = १ च्या तुलनेत x = ३.८ जवळ तेवढ्याच पट्ट्यात १४ पटींहून जास्त मोड आहेत. दोन्हींचा गुणाकार केला की उष्णताधारकतेचं शिखर येतं ३.८ kT ला. kT च्या खालचे मोड त्यात किरकोळ ठरतात.

तुमचं चित्रच वापरायचं असेल तर सीमा kT ला न ठेवता ४.२७ kT ला ठेवा. ४.२७ चा घन ७८. त्या सीमेच्या आतला प्रत्येक मोड पूर्ण k देतो असं धरलं की अचूक उत्तर येतं.

टिंबटिंब

पण मी C थेट न लिहिता आधी ऊर्जा लिहिली असती, जिवंत मोड × kT, आणि मग अवकलन केलं असतं तर ४ चा गुणक आला असता ना?

कातळशिल्प

आला असता. तरीही सुमारे २० पट कमीच. तीक्ष्ण सीमा धरून घात मिळतो, गुणक मिळत नाही. आणि θ आपण गुणकावरूनच काढतो.

आता मृगजळ यांचा पहिला प्रश्न. डेबायचं मॉडेल ढोबळ आहे ते वरच्या टोकाला. तिथे तो सगळे मोड एका वारंवारतेला कापून टाकतो आणि तोवर ω = vk ही सरळ रेघ गृहीत धरतो. खऱ्या तांब्यात ही रेघ वर जाताना वाकते, शाखा वेगळ्या होतात आणि तुम्ही म्हणता ती शिखरं तयार होतात. पण १ केल्विनला कोणते मोड मोजले जातात ते पाहा. ३.८ kT म्हणजे सुमारे ८० गिगाहर्ट्झ. तांब्यातल्या सरासरी ध्वनिवेगाने त्याची तरंगलांबी ३३ नॅनोमीटर होते. तांब्याच्या एकक पेशीची बाजू ०.३६ नॅनोमीटर, म्हणजे एका लाटेत नव्वदेक पेशी बसतात. एवढ्या लांब लाटेला अणू वेगवेगळे जाणवतच नाहीत. ती नुसती ध्वनिलाट असते, आणि ध्वनीसाठी ω = vk हे कोणत्याही स्फटिकात खरं असतं. मग त्याची रचना काही का असेना.

म्हणजे T³ नियम डेबायच्या मॉडेलवर अवलंबून नाही. लांब लाटांचा वेग ठरलेला आहे आणि अवकाश त्रिमितीय आहे, एवढ्या दोनच गोष्टी त्याला लागतात. L बाजूच्या ठोकळ्यात परवानगी असलेले k हे 2π/L अंतरावरचे ठिपके. ω पर्यंतचे ठिपके ω/v त्रिज्येच्या गोलात येतात. तापमान निम्मं केलं की त्रिज्या निम्मी आणि ठिपके एक अष्टमांश. वरच्या टोकाच्या शिखरांपर्यंत हा गोल पोचतच नाही, म्हणून त्यांचा आकार उत्तरात येत नाही.

अजून_एक_वाचक

इथे आइन्स्टाइनचा उल्लेख हवा. १९०७ मध्ये त्यांनी सगळ्या अणूंना एकच वारंवारता दिली आणि वेबरच्या हिऱ्यावरच्या जुन्या मोजमापांशी ते जुळवून दाखवलं. डुलाँग-पेटिट नियम थंडीत का मोडतो याचं पहिलं पुंज-स्पष्टीकरण तेच. पण नेर्न्स्ट यांच्या बर्लिनमधल्या प्रयोगशाळेत आणखी खाली मोजलं तेव्हा घसरण आइन्स्टाइनच्या सूत्राहून हळू निघाली. १९१२ मध्ये डेबाय यांनी एका वारंवारतेऐवजी ध्वनिलाटांचा पूर्ण पट्टा घेतला.

कातळशिल्प

हा फरक आकड्यात बघण्यासारखा आहे. तांब्यासाठी आइन्स्टाइन तापमान २४० केल्विन धरा. १० केल्विनला x = २४ होतो आणि e⁻²⁴ सगळं गिळतं. मोलला साधारण अर्धा मायक्रोज्यूल उरतो. डेबाय देतो ४८ मिलीज्यूल, म्हणजे जवळपास लाखपट. त्यात इलेक्ट्रॉनांचे ७ मिळवले की ५५ होतात, आणि मोजमापही तिथेच येतं. एकच वारंवारता धरली की सगळ्यात स्वस्त मोडची किंमतही ठरावीक राहते, म्हणून घसरण घातांकी होते. ध्वनिलाटेला अशी किमान किंमत नाही. तरंगलांबी वाढवत न्या, ऊर्जा हवी तेवढी कमी होते. तापमान कितीही खाली असो, काही मोड नेहमी आवाक्यात राहतात.

हिमवृष्टी

क्रायोस्टॅटचं काम करते, म्हणून विचारते. या घनामुळेच तांब्याची प्लेट आधी द्रव नायट्रोजनने गार करतात ना? ५ किलोची प्लेट ३०० वरून ४.२ केल्विनला न्यायची असेल तर हिशेब T⁴ ने करायचा का? म्हणजे T³ चं इंटिग्रल घेऊन?

कातळशिल्प

नाही, तिथे T³ वापरू नका. तो तांब्याला ७ केल्विनच्या खालीच लागू आहे. ३०० केल्विनला C जवळजवळ पूर्ण 3R ला टेकलेली असते, २४.४ ज्यूल प्रति मोल केल्विन. तिथे घन लावला तर हजाराहून जास्त ज्यूल येतील.

तुमच्या कामाला तक्त्यातली एन्थॅल्पी वापरा. शून्य केल्विनपासून मोजली तर ३०० ला ती ग्रॅमला सुमारे ८० ज्यूल असते आणि ७७ ला सुमारे ६. म्हणजे ९२ टक्क्यांहून जास्त उष्णता नायट्रोजनच्या टप्प्यातच निघून जाते. ५ किलोला नायट्रोजनने काढायचे ३७० किलोज्यूल. नायट्रोजनची बाष्पन उष्णता लिटरला १६० किलोज्यूल, म्हणजे दोन-अडीच लिटर. उरलेले ३० किलोज्यूल हीलियमला. हीलियम लिटरला जेमतेम २.६ किलोज्यूल देतो, म्हणजे नुसत्या बाष्पनाने साडेअकरा लिटर. थंड वायू प्लेटवरून नीट फिरवला तर यापेक्षा बरंच कमी लागतं. नायट्रोजन वगळून थेट हीलियम ओतला तर याच हिशेबाने दीडशे लिटर.

हिमवृष्टी

दीडशे लिटरचा आकडा भिंतीवर लावते. म्हणजे घन हा फक्त तळाचा भाग आहे हे कळलं.

कातळशिल्प

आता मृगजळ यांची रेघ. इलेक्ट्रॉनांचा वाटा γT आणि जाळीचा AT³, म्हणून C/T = γ + AT². उतारावरून A आणि A वरून θ: A = १९४४/θ³, ज्यूल प्रति मोल केल्विन⁴ मध्ये. θ = ३४४ ला A = ०.०४७८ मिलीज्यूल.

हे २० केल्विनला लावून बघा. जाळी ३८२ मिलीज्यूल, इलेक्ट्रॉन १४, एकूण ३९६. प्रत्यक्षात तांबं २० केल्विनला ४६० च्या आसपास असतं. म्हणजे तिथे नियमापेक्षा सोळा टक्के जास्त. तुमचं मोजमाप चुकलेलं नाही, नियमाची हद्द ओलांडली आहे.

कारण वर आलं आहेच. उष्णता ३.८ kT ला मोजली जाते. २० केल्विनला ते ७६ केल्विनइतकं होतं, आणि शिखराचा उजवा उतार १५०-२०० पर्यंत जातो. तांब्याच्या आडव्या लाटांच्या शाखा तिथवर वाकू लागलेल्या असतात. वाकलेली शाखा म्हणजे त्याच k ला कमी वारंवारता, म्हणजेच त्याच वारंवारतेखाली जास्त मोड. C वर उचलली जाते आणि बिंदू रेघेपासून वरच्या बाजूला वळतात. अशा वळलेल्या बिंदूंतून सरळ रेघ नेली की उतार फुगतो आणि θ कमी येतो. उतार फुगला की रेघेचं डावं टोक खाली जातं आणि γ पडतो. तुमच्या दोन्ही चुका याच दिशेच्या आहेत, म्हणून तापमापकावर संशय घ्यायची गरज वाटत नाही.

θ/५० च्या खाली राहायचा संकेत आहे. तांब्याला ते ६.९ केल्विन. २ ते ६ मध्ये रेघ बसवा. मग वरची मर्यादा ५, ६, ७, ८ अशी सरकवत θ काढा. मर्यादा बदलली की θ सरकत असेल, तर अजून हद्दीबाहेर आहात. दुसरी काळजी अशी की सगळ्या बिंदूंना सारखं वजन देऊ नका. मोठ्या T चे C/T आकडे मोठे असतात, आणि सारख्या वजनात तेच रेघ ओढून नेतात. प्रत्येक बिंदूच्या टक्केवारी अनिश्चिततेप्रमाणे वजन द्या.

कोकणकडा

माझा प्रश्न वेगळा आहे. पोटॅशियम क्लोराइडचा स्फटिक, विद्युतरोधक, त्यामुळे γ चा प्रश्नच नाही. रेघ आरशासारखी स्वच्छ आहे, उतार ०.३०० मिलीज्यूल प्रति मोल केल्विन⁴, आणि मी ४ केल्विनच्या वर गेलेलो नाही. तरी θ १८६ येतो. सगळीकडे २३५ च्या आसपास दिलेला असतो. इथे तर वाकणंही नाही. मग?

कातळशिल्प

मोल कशाचा धरला?

कोकणकडा

KCl चा. ७४.५५ ग्रॅम.

कातळशिल्प

मग त्यात अणू दोन मोल आहेत. १९४४ हा आकडा एक मोल अणूंसाठी आहे. KCl च्या सूत्र-मोलला ३८८८ घ्या. ३८८८ भागिले ०.०००३००, त्याचं घनमूळ २३५. तुमचा आकडा नेमका घनमूळ २ ने, म्हणजे १.२६ ने, कमी होता. चूक नेमक्या अशा पटीत आली की आधी अणूंची मोजणी तपासायची.

टिंबटिंब

थांबा, हे मला पटत नाही. दोन अणूंच्या पेशीत सहा शाखा, त्यातल्या तीन ऑप्टिकल. ४ केल्विनला त्या गोठलेल्याच आहेत. मग दोन्ही अणू का मोजायचे? तीनच ध्वनिशाखा जिवंत आहेत, तर पेशीला एकच अणू धरून १८६ हेच बरोबर नाही का?

कातळशिल्प

प्रश्न रास्त आहे. KCl च्या ऑप्टिकल मोडना साधारण २०० केल्विनइतकी ऊर्जा लागते, ४ केल्विनला त्यांचा वाटा शून्यच. आणि मोजलेली C दोन्ही हिशेबांत तीच आहे, कारण तिला फक्त ध्वनिवेग आणि घनफळ लागतं. θ मात्र मोजलेली गोष्ट नाही. ध्वनिवेगाचं तापमानाच्या एककात केलेलं रूपांतर आहे, आणि त्यात घनफळामागे किती कण धरायचे ते आपण ठरवतो. पेशीमागे एक धरलात तर १८६, अणूमागे धरलात तर २३५. तक्त्यांमध्ये अणूमागे धरायची रीत आहे, म्हणून तुलना करताना तीच वापरायची. १८६ ला भौतिकदृष्ट्या चूक म्हणता येणार नाही, फक्त शेजारी तसं लिहून ठेवा.

टिंबटिंब

मग सरळ ध्वनिवेगच का देत नाहीत?

कातळशिल्प

देता येतो, आणि तपासायला ते फार कामाचं आहे. उष्णता न मोजता, नुसत्या ध्वनिवेगावरून θ काढून बघा:

```python
import numpy as np
hbar, kB = 1.0546e-34, 1.3807e-23
n = 8.46e28            # Cu, atoms per m^3
vl, vt = 4760, 2325    # m/s
v = (3/(1/vl**3 + 2/vt**3))**(1/3)
theta = hbar*v*(6*np.pi**2*n)**(1/3)/kB
print(v, theta)
```

उत्तर २६१२ मीटर प्रति सेकंद आणि ३४१ केल्विन. कॅलरीमीटरला हात न लावता ३४४ च्या एका टक्क्यात.

यात सरासरी कशी घेतली ते बघा. वेगाच्या घनाच्या व्यस्ताची सरासरी आहे, कारण मोडांची संख्या 1/v³ ने जाते. साधी सरासरी, म्हणजे एक उभी आणि दोन आडव्या मिळून भागिले तीन, घेतली तर वेग ३१३७ आणि θ ४१० येतो. त्या θ वरून काढलेली C खऱ्याच्या ५८ टक्केच भरेल. मंद लाटांनाच थंडीत महत्त्व असतं. तांब्यात उभ्या लाटेचा वाटा सगळा मिळून साडेपाच टक्के, बाकी सगळं दोन आडव्यांचं.

मृगजळ_२

मग उरलेला एक टक्का?

कातळशिल्प

दोन कारणं. वरचे वेग सामान्य तापमानाचे आहेत. शून्याजवळ तांबं थोडं कडक होतं. दुसरं म्हणजे ते बहुस्फटिकाचे सरासरी वेग आहेत, आणि तांबं दिशेप्रमाणे बरंच बदलतं. पेशीच्या बाजूला समांतर जाणारी आडवी लाट २९०० ने जाते, तर पेशीच्या पृष्ठाच्या कर्णाच्या दिशेने एक आडवी लाट १६०० नेच. घनाच्या व्यस्तात त्या मंद दिशा जास्त बोलतात, त्यामुळे सरासरी सगळ्या दिशांवरून काढावी लागते. कमी तापमानाचे तिन्ही स्थितिस्थापकता-गुणांक घेऊन तसं केलं की उत्तर ३४४-३४५ ला येऊन बसतं.

अजून_एक_वाचक

ज्यांना इलेक्ट्रॉनांचा गुंता नको त्यांनी घन आर्गॉन बघावा. ध्वनी मंद, θ फक्त ९२ केल्विन, त्यामुळे C मोठी आणि मोजायला सोपी: २ केल्विनला मोलला २० मिलीज्यूल. त्याच तापमानाला तांब्याच्या जाळीचे ०.४ मिलीज्यूलही होत नाहीत. २ केल्विनच्या खाली आर्गॉनची C, T³ विरुद्ध काढली की रेघ थेट शून्यातून जाते.

आता माझा प्रश्न. ग्रॅफाइटला हा घन का लागू होत नाही? १३ ते ५४ केल्विनमध्ये त्याचा घात दोनच्या जवळ असतो, आणि हे १९५० च्या दशकापासून मोजलेलं आहे.

टिंबटिंब

ग्रॅफाइट थरांचा आहे, म्हणजे द्विमितीय. गोलाऐवजी वर्तुळ, म्हणून T². मिती d असेल तर T^d.

कातळशिल्प

इतकं सरळ नाही. T^d तेव्हाच, जेव्हा ω आणि k प्रमाणात असतात. ω जर k च्या n व्या घाताने जात असेल तर उष्णताधारकता T^(d/n) ने जाते. एकट्या थराच्या पातळीतल्या लाटा n = १ च्या, त्यांचा T² बरोबर. पण त्या फार ताठ आहेत, कार्बनचे बंध पातळीत कमालीचे कडक असल्यामुळे. त्या तापमानात उष्णता मुख्यतः पातळीबाहेर हलणाऱ्या लाटांत असते, आणि वाकणाऱ्या पत्र्यासाठी ω हा k² ने जातो. मग d/n = १, म्हणजे T¹ यायला हवा.

अजून_एक_वाचक

मग मधला दोन कुठून?

कातळशिल्प

माझं मत असं की पातळीबाहेरच्या लाटा शुद्ध k² च्या नसतात. शेजारचा थर त्यांना कमकुवत का होईना, धरून ठेवतो. त्यामुळे लांब लाटांना त्रिमितीय ध्वनीचं रूप, आखूड लाटांना पत्र्याचं, आणि मधल्या तापमानात दोघांच्या मिश्रणातून दोनच्या जवळचा घात दिसतो. तसं असेल तर दोन हा कुठल्या एका नियमाचा घात नाही, तीनकडून एककडे जाण्याच्या वाटेवरचा मुक्काम आहे. पुरेसं खाली गेलं की ग्रॅफाइटलाही T³ मिळतो, कारण अगदी लांब लाटेला तोही त्रिमितीय घनच आहे.

अजून_एक_वाचक

मुक्काम असता तर घात सतत बदलताना दिसला असता. ४० केल्विनच्या पट्ट्यात तो दोनच्या इतका जवळ कसा टिकतो? पातळीतल्या लाटांचा वाटा तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त असावा असं मला वाटतं.

टिंबटिंब

कुणी C/T² विरुद्ध T असा आलेख काढला तर कळेल. खरा नियम असेल तर तो सपाट दिसेल, मिश्रण असेल तर त्यावर रुंद उंचवटा येईल. लॉग-लॉगवर सगळंच सरळ दिसतं.

कातळशिल्प

ही सूचना चांगली आहे. मोजलेला तक्ता हाती असेल त्यांनी काढून इथे टाकावा, त्याशिवाय मी हट्ट धरणार नाही.

मृगजळ_२

२ ते ६ केल्विनची रेघ पुन्हा बसवली, टक्केवारी वजनांसह. θ ३४३, γ ०.७०. वरची मर्यादा ७ केली तरी हलत नाही, ९ नंतर θ खाली सरकू लागतो.

पण आता नवीन अडचण दिसते. २.५ केल्विनच्या खालचे चार बिंदू रेघेच्या वर आहेत, सर्वांत खालचा तर आठ टक्के. आधी ते मोठ्या T च्या गर्दीत लपले होते. जाळी आणि इलेक्ट्रॉन यांच्याशिवाय तिथे काय असतं?

हिमवृष्टी

एक्स्चेंज गॅस वापरला होता का? हीलियम थोडा जरी उरला तरी नमुन्याच्या पृष्ठभागावर चिकटून बसतो. उष्णतेचा स्पंद दिला की तो सुटतो आणि सुटताना उष्णता घेतो. ती तुमच्या C मध्ये जमा होते. गॅस रात्रभर पंप करून पुन्हा मोजा. फरक पडला तर तोच.

कातळशिल्प

पहिला संशय माझाही तोच. त्या तापमानाला एक ग्रॅम तांब्याची एकूण क्षमता जेमतेम २८ मायक्रोज्यूल प्रति केल्विन असते, त्यामुळे थोडीशी भरही आठ टक्के होते. नमुना चिकटवायचं ग्रीस काचेसारखं असतं, आणि काचेत C रेषीय पदासह खाली जाते. ते वेगळं मोजून वजा केलं आहे का, आणि तेवढंच ग्रीस दोन्ही वेळा लावलं होतं का, ते बघा. तिसरी शक्यता तांब्यातल्या मँगनीज किंवा लोहाच्या चुंबकीय अशुद्धीची.

वेगळं करायची एक सोपी चाचणी आहे. त्याच कांडीतून निम्म्या वजनाचा तुकडा कापून पुन्हा मोजा आणि जादा उष्णता मोलमागे न मांडता थेट मायक्रोज्यूल प्रति केल्विनमध्ये मांडा. ती तेवढीच राहिली तर ग्रीस किंवा मंच दोषी. निम्मी झाली तर तांब्यातच काही आहे, मग चुंबकीय क्षेत्र लावून ती हलते का बघा. हीलियम पृष्ठभागाप्रमाणे जाईल, म्हणजे या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडेल, आणि पंप करण्याच्या वेळेनुसार बदलेल.

मृगजळ_२

ग्रीस वेगळं मोजलं होतं, पण त्या वेळी अंदाजाने लावलं होतं, वजन केलं नव्हतं. तुकडा कापायची सोय पुढच्या आठवड्यात आहे. पंप मात्र आज रात्री चालू ठेवतो, उद्या खालचे चार बिंदू परत घेऊन इथेच आकडे देतो.